औषध मारूनही झुरळं जात नाहीत, तेव्हा

बहुतेक हॉटेलांत महिन्यातून एकदा, रात्री शटर अर्धं ओढून घेतल्यावर, पाठीला पंप लावलेला माणूस येतो. ओट्याखाली, मोरीच्या कडेनं, कोठीच्या कोपऱ्यांत फवारा मारतो, गल्ल्यावर पावती ठेवून सही घेतो आणि जातो. सकाळी दहा-वीस झुरळं उताणी पडलेली असतात. ती झाडून काढली की मालकाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. आठ-दहा दिवस बरे जातात. मग एका संध्याकाळी टेबलाच्या कडेनं एक बारकं झुरळ चालत निघतं आणि गिऱ्हाईक मोबाइल बाहेर काढतं. "शेठ, परवाच तर औषध मारलंय," वस्ताद आतून सांगतो. आणि त्याचं म्हणणं खरंच असतं.

औषध भेसळीचं असेल, पेस्ट कंट्रोलवाल्यानं पाणी जास्त घातलं असेल, असे संशय लगेच येतात. कधी ते खरेही ठरतात. पण औषध चोख असलं तरी बहुधा हेच घडलं असतं. याचं कारण झुरळाच्या संसारात आहे, आणि तो संसार समजून घेतल्याशिवाय हॉटेलचं वेळापत्रक बसवता येत नाही.

हॉटेलात दिसणारी झुरळं मुख्यतः दोन जातींची. एक मोठं, तांबूस तपकिरी, दीड इंचाचं. ते गटारातून, चेंबरमधून, मोरीच्या जाळीतून वर येतं. त्याचं मुख्य घर बाहेर असतं, त्यामुळे जाळी नीट बसवली आणि चेंबरचं झाकण घट्ट केलं की त्याचा बराचसा बंदोबस्त होतो. दुसरं झुरळ अर्ध्या इंचाचं, फिकट तपकिरी, डोक्यामागच्या ढालीवर दोन गडद समांतर रेघा असलेलं. याला जर्मन झुरळ म्हणतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात सतरा देशांतली झुरळं तपासली, तेव्हा याचा उगम सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात झाला असावा असं दिसलं. म्हणजे पाहुणा आपल्याकडचाच. हा गटारात राहत नाही. तो भटारखान्यातच जन्मतो, तिथेच वाढतो आणि तिथेच मरतो. हॉटेलवाल्याचा खरा सामना याच्याशी आहे, म्हणून पुढचं बरंचसं लिहिणं त्याच्याचबद्दल.

या झुरळाची मादी अंडी कुठेतरी टाकून जात नाही. तीस-चाळीस अंड्यांची एक टणक पिशवी ती पोटाच्या टोकाला धरून हिंडते आणि पिल्लं बाहेर यायच्या सुमारास सोडते. मधले तीन-चार आठवडे, भटारखान्याच्या उकाड्यात त्याहून थोडे कमी, ती फारशी खात नाही आणि फारशी बाहेरही पडत नाही. फटीत खोल बसून राहते. फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि पोचला तरी अंड्यांच्या पिशवीचं कवच औषध सहसा आत जाऊ देत नाही. तेव्हा महिनाअखेरच्या फवाऱ्यात मरतात ती उघड्यावर हिंडणारी. मागे उरतात नेमक्या गाभण माद्या. पंधरा-वीस दिवसांनी पिल्लांची नवी फौज बाहेर येते, दोन-अडीच महिन्यांत तीही वयात येते, आणि पावतीवर मात्र दर महिन्याला 'ट्रीटमेंट केली' एवढंच लिहिलेलं असतं.

फवाऱ्याचा आणखी एक तोटा आहे. पायरेथ्रॉइड गटातली अनेक फवारणीची औषधं झुरळाला झोंबतात आणि ते तिथून पळ काढतं. चहाच्या काउंटरखालचं कुटुंब उठून फ्रिजमागे जातं, फ्रिजमागचं फॉल्स सीलिंगमध्ये. एका जागी असलेला त्रास चार जागी होतो. शिवाय या गटातल्या औषधांना न जुमानणारी जर्मन झुरळं आता जगभर सापडतात. एकेकाळी सर्रास वापरलं जाणारं डायक्लोरव्हॉस तर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात पूर्ण बंद आहे. कोणी अजूनही त्याची बाटली घेऊन आला, तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

मग करायचं काय? सुरुवात औषधानं नव्हे, मोजणीनं करायची. बाजारात झुरळांसाठी चिकट कागदाचे छोटे सापळे मिळतात, घडी घातली की घराच्या छपरासारखे उभे राहणारे. ते भिंतीला चिकटून, कोपऱ्यात, उबदार आणि ओलसर जागी ठेवायचे, कारण झुरळ मोकळ्या फरशीवरून चालण्यापेक्षा कडेकडेनं चालतं. प्रत्येक सापळ्याला क्रमांक द्यायचा, भटारखान्याचा हातानं काढलेला नकाशा करून त्यावर ते क्रमांक लिहायचे, आणि आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी मोजायचे. मोठी किती, पिल्लं किती, हे वेगळं. पिल्लू लांब जात नाही, आपल्या फटीच्या आसपासच फिरतं. म्हणून ज्या सापळ्यात पिल्लं जास्त, त्याच्या हातभर अंतरात घर आहे असं धरून चालायचं. नुसती मोठीच सापडली, तर ती बहुधा दुसरीकडून आली आहेत.

एक उदाहरण घेऊन बघू. हॉटेल कल्पनेतलं आणि आकडे समजण्यापुरते, पण घटनांचा क्रम या धंद्यातल्या कोणालाही ओळखीचा वाटेल. पुण्यातल्या एखाद्या पेठेत ४० खुर्च्यांचं हॉटेल आहे. सकाळी मिसळ-पोहे, दुपारी थाळी. मागे कडप्प्याच्या ओट्यांचा भटारखाना, त्याला लागून कोठी, आणि बोळात उघडणारं मागचं दार, जिथून माल आत येतो. १२ सापळे लावले. पहिल्या आठवड्यात एकूण ८७ झुरळं. त्यातली ४१ एकट्या सात नंबरमध्ये, म्हणजे चपातीच्या टेबलामागच्या फ्रिजपाशी. टेबलाखालच्या आठ नंबरमध्ये १९, चहाच्या काउंटरखालच्या तीन नंबरमध्ये १५. उरलेल्या नऊ सापळ्यांत मिळून १२. म्हणजे सगळं हॉटेल झुरळांनी भरलेलं नाही. तीन जागा भरलेल्या आहेत. एरवी औषध सगळीकडे सारखं पसरलं असतं, मोरीत आणि कोठीत वाया गेलं असतं, आणि फ्रिजमागे कमी पडलं असतं.

या तीन जागी आधी व्हॅक्युम क्लीनर चालवला. हे काम अनेकांना किरकोळ वाटतं, पण फटीच्या तोंडाशी नळी लावून ओढलं की झुरळं, कात, विष्ठा, अंड्यांच्या पिशव्या सगळंच बाहेर येतं आणि त्यात औषध शून्य. विष्ठा काढणं महत्त्वाचं, कारण तिच्या वासावरूनच झुरळं एका जागी गोळा होतात. ते काळे मिरपुडीसारखे ठिपके जिथे दिसतात तिथे घासून पुसलं नाही, तर जागा रिकामी झाली तरी नवं झुरळ तिथेच येऊन बसतं. पुसल्यावर जागा कोरडी झाली की जेल लावलं.

जेल म्हणजे औषध मिसळलेलं खाद्य. फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड हे त्यातले नेहमीचे घटक. काही जण ते 'हर्बल' म्हणून विकतात, पण त्यात जडीबुटी काही नसते. वास येत नाही आणि भांडीकुंडी बाहेर काढावी लागत नाहीत, एवढाच त्या शब्दाचा आधार. जेल खाल्लेलं झुरळ लगेच मरत नाही, फटीत परत जाऊन मरतं. तिथली पिल्लं त्याची विष्ठा खातात, इतर झुरळं त्याचं शव खातात, आणि जी बाहेरच पडली नव्हती त्यांच्यापर्यंतही औषध पोचतं. फवारा जे करू शकत नाही ते हे.

मात्र ते लावायची पद्धत आहे. मसुराच्या दाण्याहून लहान ठिपके, पुष्कळ आणि जवळजवळ, फटीच्या आत किंवा अगदी तोंडाशी. बिजागरीच्या खोबणीत, टेबलाच्या खालच्या पट्टीच्या सांध्यात, फ्रिजच्या मोटरच्या चौकटीवर. भिंतीवर बोटभर लांब रेघ ओढून गेलेला माणूस जेल वाया घालवून गेला असं समजावं. आपल्याकडे रात्री भटारखाना पाइपनं पाणी मारून धुवायची सवय आहे, त्यामुळे जमिनीलगतचं जेल एका रात्रीत मोरीत जातं. ठिपके पाण्याच्या माऱ्याच्या वर हवेत. आणि जेल लावलेल्या जागी दुसऱ्या दिवशी पोऱ्यानं हौसेनं झुरळांचा खडू ओढला किंवा स्प्रेचा डबा फवारला, तर त्या वासानं झुरळ जेलकडे फिरकतच नाही. जेल आणि फवारा एका जागी नांदत नाहीत, हे भटारखान्यातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावं लागतं.

आपल्या हॉटेलात दुसऱ्या आठवड्यात आकडा ८७ वरून ३४ वर आला. सगळे खूश. चौथ्या आठवड्यात तो ३९ झाला, आणि त्यातली ३१ सात नंबरमध्ये, जवळजवळ सगळी तीन-चार मिलिमीटरची पिल्लं. इथे बरेच जण हात टेकतात. जेल चालत नाही म्हणून पुन्हा पंपवाल्याला बोलावतात. पण वर सांगितलेला मादीचा हिशोब आठवला की या आकड्याचा अर्थ लागतो. जेल लावलं तेव्हा ज्या माद्या पिशवी धरून बसल्या होत्या, त्यांची पिल्लं आता बाहेर आली. म्हणूनच पहिला आणि दुसरा हात यांत महिन्याचं नव्हे, दोन ते तीन आठवड्यांचं अंतर हवं. पिल्लं बाहेर आलेली असतात पण वयात आलेली नसतात, आणि नवी पिशवी तयार व्हायच्या आत त्यांना ताजं जेल मिळतं. भट्टीजवळच्या उष्णतेत जुनं जेल तोवर वाळून कडक झालेलं असतं, हे दुसरं कारण.

तरीही सात नंबरलाच एवढी पिल्लं का? फ्रिज पुढे ओढला. आणल्या दिवसापासून तो कोणी ओढलाच नव्हता. मोटरखाली पॅकिंगचा पुठ्ठा आणि थर्माकोल तसाच. वर मोटरची ऊब, खाली फ्रिजमधून ठिबकणारं पाणी, बाजूला टेबलावरून सांडणारी कणीक. पुठ्ठा काढून बोळात नेऊन झटकला तेव्हा काय काय पडलं त्याचं वर्णन जेवणाच्या वेळी वाचणाऱ्यांसाठी टाळतो. दुसरा हात दिला, आणि मग फटी बुजवायला घेतल्या.

फटी बुजवणं हे गवंड्याचं आणि मालकाचं काम, पेस्ट कंट्रोलवाल्याचं नव्हे. म्हणूनच ते राहून जातं. जर्मन झुरळाला दीड-दोन मिलिमीटरची फट पुरते. मोजायला सोपं माप म्हणजे दोन एटीएम कार्डं. एकावर एक धरून जिथे आत सरकतात तिथे झुरळही सरकतं. या मापानं भटारखाना पाहिला की कडप्पा आणि भिंतीवरच्या टाइल्स यांमधली सलग फट, नळाचा पाइप भिंतीत शिरतो तिथली गोल पोकळी, वायरिंगच्या पट्ट्या, स्विचबोर्डाची चौकट, स्टीलच्या टेबलांचे पोकळ पाय, अशा जागा दिसू लागतात. टेबलाच्या पायाचं रबरी बूच निसटलेलं असतं आणि आतल्या नळीत एक अख्खी पिढी नांदत असते. त्याला दहा रुपयांचं नवं बूच पुरतं.

पांढरं सिमेंट भरून काम उरकणारे बरेच असतात. भट्टीजवळ ते सहा महिन्यांत तडकतं आणि त्या तड्यात पुन्हा तेच. लवचीक सिलिकॉन टिकतं, पण तेलकट जागेवर ते अजिबात धरत नाही. गरम पाणी आणि सोड्यानं तेल काढून, जागा रात्रभर सुकवून, मग सिलिकॉन. आणि बुजवायच्या आधी फटीत जेलचा ठिपका, म्हणजे आत कोंडलेली दुसरी वाट शोधत बाहेर येण्याआधी खातात. फ्रिजच्या मोटरच्या हवेच्या जाळ्या मात्र बुजवू नयेत, मोटर जळेल. तिथे जेल आणि सफाई हाच उपाय. दाराभोवतीच्या रबराच्या घड्या आठवड्यातून एकदा उलगडून पुसायच्या. रबर फाटलं असेल तर बदलायचं, तेवढीच विजेचीही बचत.

सहाव्या आठवड्यात १२, आठव्यात ३. मग अकराव्या आठवड्यात एक नंबरच्या सापळ्यात, मागच्या दाराशी, पाच मोठी झुरळं सापडली. बाकी अकरा सापळे कोरे, पिल्लू एकही नाही. घरातली पैदास असती तर पिल्लं दिसली असती. ही बाहेरून आलेली होती, आणि दाराशी काय येतं ते पाहिल्यावर वाट सापडली: पहाटे येणारे लादीपावाचे क्रेट. बेकरीची ऊब आणि पिठाचा भुगा झुरळाला किती मानवत असेल ते सांगायला नको. क्रेट सरळ आत येत होते आणि दुपारपर्यंत ओट्याखाली पडून राहत होते.

साठवणीच्या सवयींचा खरा प्रश्न इथेच आहे. माल आत येताना त्याच्याबरोबर काय येतं, आणि आल्यावर ते कुठे लपतं. दारातच पाव आपल्या झाकणाच्या डब्यात ओतून क्रेट तिथूनच परत द्यायचे. पुठ्ठ्याची खोकी, अंड्यांचे कागदी ट्रे, थंड पेयांचे क्रेट, भाजीच्या गोण्या, यांतलं काहीही कोठीत मुक्कामाला राहता कामा नये. पुठ्ठ्याच्या आतल्या नागमोडी थरात झुरळाला हवी तेवढीच अरुंद जागा मिळते, आणि पुठ्ठा ओल धरून ठेवतो. माल मोकळा करून आपल्या डब्यांत भरायचा, खोकी त्याच दिवशी भंगारात. "उद्या उपयोगी पडतील" म्हणून घडी करून ठेवलेल्या खोक्यांची थप्पी हे अनेक कोठ्यांतलं झुरळांचं पहिलं घर असतं.

डाळ-तांदळाची पोती जमिनीपासून सहा इंच वर मांडणीवर, आणि भिंतीपासून वीतभर पुढे. वर ठेवायचं ओल लागू नये म्हणून. पण भिंतीपासून पुढे ठेवण्याचं खरं कारण म्हणजे मागे बॅटरी मारून बघता यावं. जी जागा दिसत नाही ती झाडली जात नाही. रवा-मैद्याच्या पिंपात मात्र प्रश्न झुरळाचा नसून पोरकिड्यांचा असतो, आणि तिथे घोळ घालणारी सवय एकच: जुन्यावर नवं ओतणं. तळाशी राहिलेल्या चार मुठी रव्यात किडे वाढत असतात, त्यावर पाच किलो नवा ओतला की त्यांना रसद मिळते. आधी पिंप संपवायचं, पुसून उन्हात कोरडं करायचं, मग भरायचं, आणि झाकणावर खडूनं तारीख. तेवढ्यानं पोरकिड्यांवर औषधाची वेळ सहसा येत नाही.

राहिलं पाणी. जर्मन झुरळ नुसत्या पाण्यावर महिनाभर तग धरतं, पण पाण्याविना दोन आठवडेही काढत नाही. म्हणून रात्री धुऊन झाल्यावर वायपरनं फरशी कोरडी करणं, पोछा पिळून उंचावर वाळत टाकणं, गळका नळ दुरुस्त करणं ही कामं फवाऱ्याहून जास्त मारतात. शिवाय पाणी मिळत नसलं की ओलसर जेलची ओढ वाढते.

उंदीर-घुशींचं गणित वेगळं, तरी पायाभूत नियम तोच: फट. घरउंदराला सहा मिलिमीटरची जागा पुरते. मागच्या दाराखालून शाळेतली पेन्सिल आत सरकली, तर उंदीरही सरकेल. दाराच्या तळाला पत्र्याची पट्टी आणि दाट ब्रश लावायचा. नुसतं रबर तो कुरतडतो. पाइपभोवतीच्या भोकात तारेची घासणी कोंबून वर सिमेंट, कारण नुसतं ओलं सिमेंट घुशी पहिल्याच रात्री उकरतात. पावसाळ्यात बिळांत पाणी भरलं की त्या कोरडी जागा शोधत इमारतीत शिरतात, म्हणून हे काम मे महिन्यात उरकलेलं बरं. भटारखान्यात विषाच्या वड्या ठेवू नयेत. ब्रोमाडिओलोनसारखं औषध खाल्लेला उंदीर तीन-चार दिवसांनी मरतो आणि तो कुठे मरेल ते त्याच्याच मर्जीवर. फॉल्स सीलिंगमध्ये मेला तर हॉटेल आठवडाभर वास सोसतं. त्याच्या तोंडून विषाचा तुकडा धान्यात पडण्याचा धोका निराळाच. आत फक्त सापळे. विष लागलंच तर बाहेर, कुलूपबंद डब्यात, आणि त्या डब्यांनाही नकाशावर क्रमांक. मोठे उंदीर नव्या वस्तूकडे दोन-चार दिवस संशयानं बघतात, म्हणून सापळा आधी न चढवता नुसतं खाणं ठेवून त्यांना सवय लावतात आणि मग चढवतात.

हे सगळं लिहून ठेवायचं, आणि इथे हॉटेलवाल्यांचा चेहरा पडतो. कायद्याला ते हवंच आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा. त्याखालच्या २०११ च्या परवाना नियमांचं परिशिष्ट चार सांगतं की भोकं, मोऱ्या आणि जिथून कीटक शिरतील त्या जागा बंद हव्यात किंवा जाळी लावलेल्या हव्यात, अन्न कीडरोधक भांड्यांत, जमिनीपासून वर आणि भिंतीपासून दूर हवं, आणि वापरलेल्या कीटकनाशकांची तारखांसह नोंद हवी. अस्वच्छ जागी अन्न तयार केल्याबद्दल कायद्याच्या ५६ व्या कलमाखाली एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडाच्या भीतीनं लिहिलेली वही लगेच ओळखू येते. बावन्न आठवडे एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिलेलं 'ओके'. अशी वही तपासणाऱ्याला काही सांगत नाही, आणि मालकालाही.

कामाची वही जाड नसते. पहिल्या पानावर सापळ्यांचा नकाशा. पुढे आठवड्याचा तक्ता: तारीख, सापळ्याचा क्रमांक, मोठी, पिल्लं, मोजणाऱ्याची सही. कोरा सापळा लिहिताना तो खरंच कोरा आहे की तेल-पिठाचा थर बसून त्याचा चिकटपणा गेलाय, हे बोट लावून बघायचं. भट्टीजवळच्या सापळ्यांत हे नेहमी होतं, आणि वहीत उगाच शून्य पडतं. मग दिसल्याची नोंद: कुठे, किती वाजता, कोणाला. ती वेटरनंही लिहिली पाहिजे, आणि लिहिल्याबद्दल त्याला बोलणी बसता कामा नयेत, नाहीतर पुढच्या वेळी तो झुरळ चपलेखाली चिरडून गप्प बसेल. भरदिवसा, दिवे चालू असताना झुरळ दिसलं तर ते वेगळं अधोरेखित करायचं. रात्रीचा प्राणी दिवसा बाहेर पडतो तो बहुधा फटीत जागा उरली नाही म्हणून. आणि शेवटी फटींची यादी: कधी सापडली, कोणाला सांगितलं, कधी बुजली. हा शेवटचा रकाना रिकामा राहिला की औषधाचा खर्च कमी होत नाही, हे दोन-तीन महिन्यांत आकडेच दाखवतात.

पेस्ट कंट्रोलवाल्याशी करार करताना या वहीचा मोठा उपयोग होतो. कीटकनाशक कायद्याखाली त्याला राज्याचा परवाना लागतो, त्याची प्रत वहीला जोडून घ्यावी. त्याच्या पावतीवर औषधाचं नाव, प्रमाण आणि कोणत्या क्रमांकाच्या जागी लावलं ते हवं. 'किचन ट्रीटमेंट' एवढं पुरत नाही. भेटींचं अंतर सुरुवातीला दोन-तीन आठवड्यांचं ठेवावं, आकडे खाली आल्यावर महिन्याचं. एका सापळ्यात आठवड्याला पाचांहून जास्त, किंवा एकही पिल्लू, सापडलं तर तो जादा पैसे न घेता येईल, अशी अट घालता येते. पाच हा आकडा काही शास्त्राचा नाही, आपापल्या जागेप्रमाणे ठरवावा. पण तो आधी ठरलेला असला की वाद होत नाहीत. जेलमधलं औषध वर्षातून एकदा तरी बदलायला सांगावं. गोडाचाच तिटकारा असलेली झुरळं अमेरिकेत १९९३ सालीच शास्त्रज्ञांनी नोंदवली आहेत. गोड जेल ती चाटतही नाहीत. जेल तसंच पडून असेल आणि सापळे मात्र भरत असतील, तर पहिला संशय याचाच घ्यावा.

एवढं करूनही एक गोष्ट आपल्या हातात राहत नाही, ती म्हणजे शेजार. जुन्या इमारतीत दोन हॉटेलांची भिंत एक, गटार एक, वरच्या मजल्यावर खाणावळ. शेजाऱ्यानं पंप मारून घेतला की त्याची झुरळं भिंतीतून इकडे येतात. सामायिक भिंतीलगत दोन सापळे जास्त लावून त्यांचे आकडे वेगळे मांडावेत. शेजाऱ्याच्या फवारणीनंतरच्या आठवड्यात तिथे मोठी झुरळं वाढलेली दिसली, की वही घेऊन त्याच्याकडे जाता येतं आणि दोघांनी एकाच रात्री जेल लावून घ्यायचं ठरवता येतं. तो तयार झाला नाही, तर त्या भिंतीतून जाणाऱ्या प्रत्येक पाइपभोवती सिलिकॉन भरून घ्यायचं आणि त्या दोन सापळ्यांची मोजणी आठवड्यातून दोनदा करायची.